फोटोवरून गीझर ओळखताना या चुका टाळा

गीझर बंद पडला की हल्ली आधी फोटो येतो. पर्वरीतल्या फ्लॅटचा केअरटेकर असो की कळंगुटला खोल्या भाड्याने देणारी ताई, खाली एकच ओळ असते: "गरम होत नाही, इन्स्टंट आहे." त्या ओळीवर विसंबून मेकॅनिक सामान घेऊन निघाला, तर हमखास चुकीचा एलिमेंट पिशवीत असतो. टाकीच्या घरगुती गीझरचा एलिमेंट बहुतेक वेळा २ किलोवॅटचा, इन्स्टंटचा ३ किंवा साडेचार किलोवॅटचा. बसवायची पद्धतही वेगळी, त्यामुळे एकाचा दुसऱ्याला चालत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आकारावरून ठरवणे. छोटा दिसला की इन्स्टंट, मोठा दिसला की टाकीवाला, असे लोक धरून चालतात. पण टाकीचे गीझर ६ आणि १० लिटरचेही येतात, आणि ३ लिटरचा इन्स्टंट उभा लांबट असल्यामुळे फोटोत ऐसपैस वाटतो. त्यात फोटो काढणारा खाली उभा असतो आणि गीझर वर छताजवळ. जवळून काढलेला इन्स्टंट आणि दारातून काढलेला १० लिटरचा गीझर स्क्रीनवर अगदी एकाच मापाचे दिसतात.

मागच्या टाइल्स मोजून माप काढायची युक्ती बरेच जण वापरतात. ती अर्धीच खरी. टाइल भिंतीला असते आणि गीझरचे पोट तिच्यापासून बरेच पुढे, कॅमेऱ्याकडे आलेले असते, त्यामुळे टाइलच्या हिशेबाने गीझर नेहमी आहे त्यापेक्षा मोठा निघतो. मी त्याऐवजी कनेक्शन पाइपच्या नटाकडे बघतो. जाळीच्या अर्धा इंची पाइपचा नट साधारण एक इंच रुंद असतो आणि तो गीझरच्या पोटाखालीच बसलेला असतो, म्हणजे दोघांचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर जवळपास सारखे. गीझरच्या रुंदीत असे सात-आठ नट मावत असतील तर तो बहुधा ३ लिटरचा इन्स्टंट. बारा-तेराच्या पुढे गेला तर आत टाकी आणि तिच्याभोवती फोमचा जाड थर आहे असे समजावे. इन्स्टंटला पाणी साठवून गरम ठेवायचे नसते, म्हणून त्याला तेवढे अस्तर लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. फोटोत पांढरा, चौकोनी, गोल कोपऱ्यांचा गीझर आहे. समुद्राकडचे घर असल्याने खालच्या कडेला गंजाचे तपकिरी ओघळ आहेत आणि पुढचा स्टिकर उन्हाने पुसट झालेला. केअरटेकर म्हणतो, "दादा, लहान आहे, इन्स्टंटच." रुंदीत अकराएक नट बसतात, म्हणजे मापावरून ठरत नाही. खाली दोनच पाइप आहेत. वायर १६ अँपिअरच्या तीन पिनांच्या प्लगमध्ये गेली आहे, म्हणून साडेचार किलोवॅटचा इन्स्टंट बाद, कारण त्याला जवळजवळ २० अँपिअर लागतात आणि तो थेट एमसीबीवर जोडावा लागतो. (तसा तो प्लगवर जोडलेला सापडतोही, पण मग सॉकेटची भोके काळी पडलेली दिसतात.) गार पाण्याच्या पाइपवर पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. पुष्कळ जण इथे थांबून "टाकीवाला" असा निकाल देतात, पण ३ लिटरच्या काही इन्स्टंटलाही असा व्हॉल्व्ह येतो, तेव्हा तेवढ्यावर जाऊ नये. डाव्या बाजूला, खालच्या अंगाला, एक काळे बटण दिसते. फोटो मोठा करून पाहिला तर बटणाभोवती कमी-जास्त दाखवणारी पट्टी आहे. हा पुरावा वजनदार आहे. तापमान कमी-जास्त करायचे बटण टाकीच्या गीझरला असते, इन्स्टंटला सहसा नुसते दोन दिवे असतात आणि थर्मोस्टॅट आत कायमचा बसवलेला.

तरी मी दुसरा फोटो मागवतोच. गीझरच्या खाली किंवा बाजूला छोटी पट्टी असते, तिच्यावर लिटर आणि वॅट छापलेले असतात. फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल जरा तिरका धरून फोटो काढायला सांगावे, नाहीतर पट्टीवर नुसता पांढरा डाग येतो. आधी लिटर वाचायचे, मग वॅट, कारण वॅट कधीकधी फसवतात. आयएसआयच्या खुणेवर २०८२ हा आकडा असेल तर टाकीवाला, तो टाकीच्या विजेच्या गीझरचाच मानक क्रमांक आहे. वीजबचतीच्या चांदण्यांचे लेबलही टाकीच्या गीझरलाच असते.

इथे पट्टी गंजून गेली होती असे धरू. मग फोटो बाजूला ठेवायचा आणि, गीझर चालू असेल तर, नळ सोडून बघायला सांगायचे. दिवा विझेपर्यंत तापू द्या, स्विच बंद करा, गरम नळाखाली बादली लावा. दोन-तीन तांब्यांत पाणी गार पडले तर इन्स्टंट. अर्धी बादली कढत आली तर टाकी. वेळही सांगतो: आपल्याकडच्या पाण्याला, ३ लिटर ३ किलोवॅटवर दोन-अडीच मिनिटांत तापते, १० लिटरला २ किलोवॅटवर अकरा-बारा मिनिटे लागतात. गीझर गरमच होत नसेल तर ही परीक्षा अर्थातच निरुपयोगी, तिथे जागेवर जाऊन टाकी रिकामी करताना किती पाणी निघते ते बघायचे.

दुसरी चूक जिवावर बेतणारी आहे: गॅस गीझरला इन्स्टंट म्हणणे. तोही भिंतीवरचा चपटा पांढरा डबा. फोटोत पाइप मोजा. दोनाऐवजी तीन असतील, त्यातला एक नारिंगी रबरी असेल, पुढे फिरवायची बटणे आणि ज्योत दिसायची छोटी खिडकी असेल, वर धूर जायला जाळी किंवा तोंड असेल, तर तो गॅसचा. विजेची जाड वायर त्याला नसते, ठिणगीसाठी आत बॅटऱ्या असतात. असा गीझर खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये दिसला तर दुरुस्तीचे नंतर बघा, आधी वापर थांबवायला सांगा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

रॉड ओळखायला सोपा, असे वाटते खरे. पण "रॉड गेला" म्हणून जो फोटो येतो त्यात अर्ध्या वेळा गीझरमधून काढलेला एलिमेंट असतो, कारण लोक दोघांनाही रॉडच म्हणतात. बादलीत टाकायच्या रॉडला वर प्लास्टिकची मूठ, बादलीच्या काठाला अडकवायचा आकडा, लांब वायर आणि पाणी कुठवर हवे याची खूण असते. गीझरच्या एलिमेंटला मूठ नसते, नळी धातूच्या तबकडीत बसवलेली असते, आणि वायर जोडायला दोन उघडी टोके असतात. त्या उघड्या टोकांना वायर गुंडाळून बादलीत सोडलेला एलिमेंटही फोटोत येतो. तो ओळखू आला की लगेच फोन लावायचा, आणि आधी स्विच बंद करून मगच हात लावायला सांगायचे.