पहाटेची यादी, दिवेलागणीची यादी: देवळातलं संगीत राग पाहून कसं निवडावं

आमच्या गल्लीत दत्ताचं एक लहानसं देऊळ आहे, सांगलीच्या गावभागात, घाटापासून चालत पाच मिनिटांवर. तिथल्या भजनी मंडळात मी पेटी वाजवतो. दोन वर्षांपूर्वी देवळात नवा स्पीकर आला आणि सकाळ-संध्याकाळ काय लावायचं हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी शहाणपणा करून मोबाईलवरची 'सकाळची भजनं' नावाची एक तयार यादी जशीच्या तशी लावून दिली. तिसऱ्या दिवशी प्रदक्षिणा घालणाऱ्या एक आजी थांबल्या आणि म्हणाल्या, "काय रे, दिवे लावायची वेळ झाली का?" सकाळचे साडेसहा वाजले होते. यमनमधलं भजन चालू होतं.

आजींना रागाचं नाव माहीत नव्हतं, पण कानाला वेळ बरोबर कळली होती. ती कशावरून कळते, एवढं समजून घेतलं की यादी करणं अवघड नाही.

पहिली पायरी: पेटीवर एक पट्टी बदलून बघा

घरात पेटी असेल तर ती घ्या, नसेल तर मोबाईलवरचं कीबोर्डचं कुठलंही ॲप चालेल. पांढरी एक हा सा धरा. आता हे स्वर सावकाश वाजवा: पांढरी एक, काळी एक, पांढरी तीन, पांढरी चार, पांढरी पाच, काळी चार, पांढरी सात आणि वरचा सा. हे भैरवचे स्वर झाले. रे आणि ध कोमल, बाकी सगळे शुद्ध. दोन-तीनदा वाजवलं की पहाटेचं देऊळ डोळ्यांसमोर येतं.

आता फक्त एक बदल करा. पांढरी चार सोडा आणि तिच्या जागी काळी तीन घ्या, म्हणजे शुद्ध मध्यमाऐवजी तीव्र मध्यम. बाकी पट्ट्या त्याच. हे पूरिया धनाश्रीचे स्वर. एवढ्या एका पट्टीने पहाट जाऊन तिन्हीसांज येते.

कोमल रे आणि शुद्ध ग एकत्र आले की तो राग बहुतेक वेळा संधिप्रकाशाचा असतो, म्हणजे रात्र आणि दिवस जिथे भेटतात त्या वेळचा. आता ती भेट पहाटेची की सायंकाळची, हे मध्यम सांगतो. शुद्ध मध्यम ठळक असेल तर सकाळ, तीव्र मध्यम ठळक असेल तर संध्याकाळ. पंडित भातखंड्यांनी रागांच्या वेळा नियमांत बसवल्या, तेव्हा मध्यमाला म्हणूनच 'अध्वदर्शक', म्हणजे वाट दाखवणारा स्वर म्हटलं.

नियम नीट लक्षात ठेवा, कारण तो सरसकट लावला की फसगत होते. तोडीत तीव्र मध्यम आहे आणि तरी ती सकाळची. पण तोडीचा गंधार कोमल आहे, म्हणून ती या नियमाच्या कक्षेतच येत नाही. ललितात दोन्ही मध्यम लागतात आणि पंचम नसतो, तो रात्रीच्या शेवटच्या प्रहराचा. पूर्वीतही दोन्ही मध्यम असतात, पण तीव्राचा जोर असतो आणि वेळ सायंकाळची. एखाद्या रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही मध्यम ऐकू आले, तर गायक कशावर थांबतो ते ऐका, नुसता स्पर्श करून जातो ते सोडून द्या.

दुसरी पायरी: भजनाची परीक्षा

ख्याल किंवा वाद्याच्या रेकॉर्डिंगवर रागाचं नाव असतंच. भजन-अभंगांवर सहसा नसतं, म्हणून कानाने पारखावं लागतं. आधी तानपुऱ्याचा किंवा सुरपेटीचा सा शोधा. पेटीवर एकेक पट्टी दाबून पाहा, जी पट्टी दाबल्यावर गाण्यात विरघळून जाते ती सा. मग ध्रुवपद चार-पाच वेळा ऐका. कडवी नंतर बघू, कारण कडव्यांत चाल इकडेतिकडे फिरते आणि पुन्हा ध्रुवपदावर येते. ध्रुवपदात गंधार ओळखा आणि त्याच्या पुढचा स्वर कोणता लागतो ते पाहा.

सगळेच शुद्ध स्वर आणि मध्यम तीव्र असेल तर तो बहुधा यमनच्या घरातला, रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. आमच्या आजींनी पकडला तो हाच. कशातच बसत नसेल तर ती मिश्र चाल समजा आणि वेळेच्या ओझ्यातून मोकळी करा. अशी भजनं मी दुपारी लावतो.

इथे एक गुंता आहे. म नि नसलेले पाच स्वर, सा रे ग प ध, भूपातही आहेत आणि देशकारातही. भूप संध्याकाळनंतरचा, देशकार सकाळचा. फरक भर कुठे आहे याचा: भूप गंधाराभोवती खालच्या अंगाला रमतो, देशकार धैवत धरून वर राहतो. त्यातच आपल्याकडे 'भूपाळी' हा पहाटे देवाला उठवायचा गीतप्रकार आहे, म्हणून पुष्कळांना भूप सकाळचाच वाटतो. नावावर जाऊ नका, चाल वरच्या अंगाला आहे की खालच्या एवढंच ऐका. आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जाणारी भूपाळी असेल तर तिला राग विचारूच नका.

तिसरी पायरी: घड्याळ नव्हे, सूर्य

पुस्तकात संधिप्रकाशाची वेळ पहाटे चार ते सात आणि दुपारी चार ते सात अशी मिळते. शिकण्यासाठी ते ठीक, पण यादीसाठी फार ढोबळ आहे. सांगलीत डिसेंबरच्या अखेरीस सूर्य सातला पाच-एक मिनिटं कमी असताना उगवतो, जूनमध्ये सहाच्या सुमारास. मावळतो डिसेंबरात सहाच्या थोडा पुढे, जूनमध्ये सातच्या थोडा पुढे. म्हणजे तासाभराचा फरक. शिवाय आपल्या अक्षांशावर सूर्य मावळल्यानंतरचा खरा उजेड वीस-पंचवीस मिनिटांतच संपतो. 'रोज साडेसहाला भैरव' असं ठरवलं तर वर्षातले काही महिने तो उन्हात वाजतो.

दुसरी अडचण कायद्याची. रात्री दहा ते सकाळी सहा बाहेर ऐकू जाईल असा लाऊडस्पीकर लावता येत नाही. काकडा साडेपाचला असेल तर तो गाभाऱ्यासमोर बसून टाळ-पेटीवर, स्पीकर बंद ठेवून. तसंही काकड्याच्या भजनांचा क्रम मंडळाने ठरवलेला असतो, त्यात रागाच्या नावाखाली ढवळाढवळ करू नये. आपली यादी सहानंतरची.

चौथी पायरी: प्रत्यक्ष मांडणी

डिसेंबरची माझी सकाळ अशी असते. सहाला पाच मिनिटं नुसता तानपुरा. मग पंधरा मिनिटं ललित, शक्यतो बासरी किंवा सारंगीवर, कारण त्या वेळी शब्द नको वाटतात. साधारण सहा वीसला भैरव, सूर्य वर येईपर्यंत पस्तीस मिनिटं, त्यात दोन-तीन भजनं. भैरवचे रे आणि ध आंदोलित असतात, म्हणजे हलके झुलतात. पेटीला ते जमत नाही, म्हणून इथे पेटीप्रधान रेकॉर्डिंग मी टाळतो. सूर्य वर आला की अहिर भैरव. त्यात रे कोमलच, पण ध शुद्ध आणि नि कोमल, त्यामुळे भैरवची गंभीर छाया थोडी उजळते. सव्वासातनंतर देशकार किंवा अल्हैया बिलावल. तोडीचा जीव मोठा, ती घाईत लावू नये; दत्तजयंतीच्या सप्ताहात नऊनंतर निवांत वेळ असतो तेव्हा लावतो.

जूनमध्ये ललित गळतो. सहाला सूर्य वर आलेलाच असतो, म्हणून भैरव वीस मिनिटं, मग अहिर भैरव आणि सातच्या आत देशकार.

संध्याकाळ छोटी ठेवा. सूर्यास्ताच्या वीस मिनिटं आधी पूरिया धनाश्री सुरू करायचा, समई लागली की थांबवायचा. मग आरती. आरतीच्या चाली आपल्या जागी घट्ट आहेत, त्यांना रागाची पट्टी लावायची नाही. आरतीनंतर यमन, नंतर भूप किंवा केदार. मारवा मी एकदा लावून पाहिला. वेळ त्याचीच होती, पण मारव्यात गायक सा टाळत राहतो, रे आणि ध धरून बसतो, आणि ऐकणाऱ्याला काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं होतं. मैफिलीत ते अप्रतिम. पण दर्शनाला आलेली माणसं उगाच अस्वस्थ होऊन निघून जात होती. श्री हा रागही त्याच वेळेचा आणि करडा. मी तो एकादशीपुरता ठेवलाय.

तानपुरा लावताना ॲपमध्ये पहिली तार कोणती निवडली ते बघा. भैरव, पूरिया धनाश्री, यमन यांना पंचम चालतो. ललितात आणि मारव्यात पंचमच वर्ज्य असल्याने त्याच्यावर पंचमाचा तानपुरा घुसखोरासारखा वाजतो. ललिताला मध्यम, मारव्याला निषाद. हे मला मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एका कारागिराने सांगितलं, माझ्या तानपुऱ्याची जवारी काढता काढता, आणि वर विचारलं, "इतकी वर्षं काय ऐकत होता?"

भैरवीचं काय?

भैरवी सकाळची, हे खरं. पण मैफल असो वा भजन, शेवट भैरवीने करायची आपल्याकडे इतकी सवय आहे की ती लागली म्हणजे संपलं असंच लोक समजतात. मी एका गुरुवारी सकाळच्या यादीत ती तिसरी ठेवली. भैरवी सुरू होताच निम्मी माणसं उठली आणि प्रसादाच्या ताटाकडे वळली. पुजारीबुवा माझ्याकडे बघत राहिले. तेव्हापासून ती यादीच्या शेवटी असते, सकाळ असो की संध्याकाळ.

आणि पाऊसकाळात सगळं वेळापत्रक थोडं सैल करा. मल्हार ऋतूचे राग, त्यांना त्या दिवसांत कुठल्याही प्रहरी मोकळीक असते. आषाढ-श्रावणात कृष्णेचं पाणी घाटाच्या पायऱ्या चढायला लागलं, आभाळ दिवसभर एकाच रंगाचं राहिलं, की मी सूर्यास्ताची वेळ बघत नाही. मियाँ मल्हार लावतो, आणि आजी काही विचारत नाहीत.