ट्रान्सफॉर्मरवर जादा लोड टाकताना या चुका टाळा

"सव्वापट लोडवर चार तास चालवला, काही झालं नाही." हे वाक्य दर उन्हाळ्यात ऐकू येतं. चार तासांत दिसेल असं काही होतच नाही. जे होतं ते वाइंडिंगवर गुंडाळलेल्या कागदात होतं, आणि ते मोजायला हातातलं थर्मामीटर पुरत नाही. नेमप्लेटपेक्षा जास्त लोड टाकणं हा गुन्हा नाही. आयईसी ६००७६-७ हे आंतरराष्ट्रीय मानक किंवा आपल्याकडचं आयएस २०२६ भाग ७ तेच शिकवायला लिहिलेलं आहे. पण ते न उघडता "पंचवीस टक्के चालतं" असं छातीठोकपणे सांगणारे फार झालेत.

चूक पहिली: तेलाचं तापमान बघून निर्धास्त होणं

सगळ्यात जास्त नुकसान या एका सवयीने होतं, म्हणून हिच्यावरच जरा थांबू.

वरच्या तेलापेक्षा वाइंडिंगचा सर्वात तापलेला भाग बराच गरम असतो. तो बहुधा वाइंडिंगच्या वरच्या टोकाला असतो. तिथे तेल आधीच तापून आलेलं असतं, शिवाय गळणारा चुंबकीय प्रवाह वळत असल्यामुळे एडी लॉसेसही वाढतात. हाच हॉट स्पॉट. कागद कुठे आधी संपणार हे तोच ठरवतो, बाकी वाइंडिंग कितीही थंड असो. हॉट स्पॉटचं तापमान θh धरलं तर साध्या क्राफ्ट पेपरसाठी झिजण्याचा सापेक्ष वेग V असा काढतात:

```
V = 2^((θh − 98)/6)
```

९८ अंशांवर वेग १, म्हणजे एक तास चालवला तर एक तास आयुष्य गेलं. पुढे दर ६ अंशांना वेग दुप्पट. ११० वर ४, १२२ वर १६.

आता विदर्भातली मे महिन्यातली दुपार घ्या. ३३/११ केव्हीचा १० एमव्हीए ट्रान्सफॉर्मर, पंखे नाहीत, कागद साधा क्राफ्ट. पूर्ण लोडवर तेलाची वाढ ५० अंश, वाइंडिंगची सरासरी वाढ ५५. हॉट स्पॉट वरच्या तेलापेक्षा २० अंश वर धरू, आणि लोड लॉस नो-लोड लॉसच्या ६ पट. बाहेर ४२ अंश. सकाळपासून लोड ७० टक्के आहे, म्हणजे ११ केव्ही बाजूला साधारण ३६७ अँपिअर. मग शेजारचा ट्रान्सफॉर्मर बंद पडतो, त्याचे फीडर इकडे येतात आणि करंट ६५६ वर जातो. म्हणजे सव्वापट.

बदलाच्या क्षणी तेल ७४ आणि हॉट स्पॉट ८६ अंशांवर आहे. अर्ध्या तासाने ओटीआय, म्हणजे वरच्या तेलाच्या तापमानाचा काटा, ८३ दाखवतो. अलार्म ८५ ला लावलेला असतो, त्यामुळे तोही गप्प. ऑपरेटर वहीत "तेल ठीक" लिहितो. त्याच वेळी हॉट स्पॉट ११४ ला पोचलेला असतो आणि कागद सहापट वेगाने झिजत असतो. एका तासाने तेल ९०, हॉट स्पॉट १२३. म्हणजे रोजच्या चक्रातल्या लोडसाठी आयईसीने दिलेली १२० अंशांची मर्यादा ओलांडली. चार तासांनी तेल १०७ आणि हॉट स्पॉट १३५, वेग सत्तरपट. अर्थात तेल इथवर यायचं तर ओटीआयचा ९५ चा ट्रिप कुणीतरी आधीच काढलेला असावा लागतो. त्याकडे पुढे येऊच.

तेल तापायला तास लागतात, तांब्याला मिनिटं पुरतात. त्यातही एक गोष्ट लोकांना माहीत नसते. लोड एकदम वाढला की वाइंडिंग आणि तेल यांच्यातला फरक थेट नव्या पातळीवर जाऊन स्थिरावत नाही, तर काही काळ तिच्याही वर जातो. कारण वाइंडिंगमधल्या तेलाला अजून वेग आलेला नसतो. आपल्या उदाहरणात स्थिर फरक २७ अंश यायला हवा, पण पहिल्या तासाच्या शेवटी तो ३३ असतो. "लोड आत्ताच आलाय, तापायला वेळ आहे" म्हणणारा नेमका याच तासात फसतो.

हिशोब पूर्ण करू. पहिल्या तासात साधारण ७ तासांचं आयुष्य गेलं. चार तासांची बेरीज १५० तासांच्या घरात जाते, म्हणजे सहा दिवसांहून जास्त. तेव्हा भीती पहिल्या तासापेक्षा पुढच्या तीन तासांची. म्हणून आमची पद्धत सरळ आहे. जादा लोड आला की पहिल्या तासातच एखादा फीडर दुसरीकडे वळवायचा किंवा बंद करायचा. ६५६ वरून ५७७ अँपिअरवर, म्हणजे ११० टक्क्यांवर आणला, तर स्थिर हॉट स्पॉट १३७ ऐवजी १२२ होतो आणि झिजेचा वेग ९० च्या घरातून १६ वर येतो. ८० अँपिअरचा एक फीडर हलवायचा कंटाळा केवढ्याला पडतो बघा.

हाच सव्वापट लोड डिसेंबरच्या रात्री १५ अंशांत टाकला तर हॉट स्पॉट ११० वर स्थिरावतो आणि वेग फक्त ४. म्हणजे "किती टक्के चालेल?" हा प्रश्नच अर्धवट आहे. बाहेर किती तापमान, आधी किती लोड होता आणि किती वेळ, हे तिन्ही सांगितल्याशिवाय आकडा मागू नये आणि कुणी दिलाच तर घेऊ नये.

चूक दुसरी: डब्ल्यूटीआय म्हणजे हॉट स्पॉट असं समजणं

डब्ल्यूटीआय, म्हणजे वाइंडिंगच्या तापमानाचा काटा, वाइंडिंगला शिवतही नाही. त्याचा बल्ब वरच्या तेलातल्या पॉकेटमध्ये असतो आणि सीटीच्या करंटवर तापणारा एक छोटा हीटर त्याच्या वाचनात काही अंशांची भर घालतो. ही भर बरोबर लावली असेल तरच काटा खरा. बऱ्याच ठिकाणी ती सरासरी ग्रेडियंटवर, म्हणजे वाइंडिंग आणि तेल यांच्या सरासरी तापमानांतल्या फरकावर, लावलेली सापडते. आपल्या उदाहरणात तो १५ असेल. हॉट स्पॉटसाठी तो १.३ ने गुणून २० करायला हवा. ही तफावत पूर्ण लोडवर ५ अंशांची, सव्वापट लोडवर जवळपास ७ अंशांची. म्हणजे काट्यावरून काढलेला झिजेचा हिशोब निम्म्याहून कमी येणार.

तपासायला उपकरण लागत नाही. लोड दोन-तीन तास स्थिर असताना डब्ल्यूटीआयमधून ओटीआय वजा करा. पूर्ण लोडवर २० अंशांचा फरक धरलेल्या ट्रान्सफॉर्मरला ७० टक्के लोडवर साधारण १२-१३ यायला हवेत. दोन्ही काटे एकाच आकड्यावर असतील तर हीटरला करंट पोचत नाहीये. सीटीचं टर्मिनल शॉर्ट करून तसंच राहिलंय, नाहीतर हीटर जळालाय. वायर तपासताना सीटीची दुय्यम बाजू उघडी ठेवू नका, एवढं तरी सांगावं लागू नये. फरक ठीक पण दोन्ही वाचनं संशयास्पद कमी असतील तर पॉकेट उघडून बघा. त्यात तेलच नसतं. कोरड्या पॉकेटमधला बल्ब तेलाचं नव्हे, हवेचं तापमान सांगतो. पावसाळ्याआधीच्या देखभालीत पॉकेट तेलाने भरणं हे दोन मिनिटांचं काम आहे आणि तेच नेमकं राहतं.

आता ट्रिप काढण्याची ती सवय. डब्ल्यूटीआयचा अलार्म ९५ ला आणि ट्रिप १०५ ला असताना उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मर ट्रिप होऊ लागला की कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन ट्रिप १२५ वर नेतो, किंवा सरळ वायर काढतो. सेटिंग वर नेण्याला कायमची मनाई नाही. पण त्याआधी कागद साधा आहे की जास्त उष्णता सोसणारा थर्मली अपग्रेडेड, त्यात ओलावा किती आणि हॉट स्पॉटची भर बरोबर लावलीय का, ही तीन उत्तरं कागदावर हवीत. वायर काढणाऱ्याशी मात्र वाद घालण्यात अर्थ नाही.

चूक तिसरी: ओलावा विसरणं

वरचा सगळा हिशोब कोरड्या कागदाचा आहे. कागदातला ओलावा दुप्पट झाला की झिजेचा वेगही ढोबळमानाने दुप्पट होतो. त्याहून तातडीचा धोका बुडबुड्यांचा. कागदात साधारण २ टक्के पाणी असेल तर १४० अंशांच्या आसपास त्याची वाफ होऊन बुडबुडे सुटू शकतात आणि तिथली विद्युत ताकद त्या क्षणी खाली येते. हे आयुष्य घटण्याचं प्रकरण राहत नाही, जागीच फ्लॅशओव्हर होऊ शकतो. आपल्या उदाहरणातला १३५ चा आकडा या सीमेपासून किती लांब आहे? जुना, ब्रीदरची सिलिका जेल गुलाबी होऊन महिने झालेला ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याला नेमप्लेटच्या वर नेऊच नका.

बाकीच्या, पटापट

सरासरी तापमान काढून हिशोब करू नका. अर्धा वेळ ८६ आणि अर्धा वेळ ११० यांची सरासरी ९८ येते, पण झिजेची सरासरी १ नव्हे, २ च्या वर जाते. आधी दर तासाचा V काढा, मग सरासरी.

लोड एमव्हीएत मोजू नका, अँपिअरमध्ये मोजा. व्होल्टेज १०.४ केव्हीवर उतरलं तर तेच १० एमव्हीए ५२५ ऐवजी ५५५ अँपिअर ओढतात.

मेगर चांगला आला म्हणजे कागद चांगला, असं नसतं. मेगर ओलावा आणि घाण पकडतो. कागदाची ताकद डीपीत, म्हणजे सेल्युलोजच्या साखळ्यांच्या सरासरी लांबीत, कळते. नवा कागद हजाराच्या आसपास, २०० ला आयुष्य संपलं असं धरतात. टाकी न उघडता अंदाज हवा तर कागद झिजताना तेलात उतरणारं फ्युरान तपासा.

तेल फिल्टर केल्याने डीपी परत येत नाही. तुटलेली साखळी तुटलेलीच राहते.

"आयुष्य संपलेला" ट्रान्सफॉर्मर वर्षानुवर्षं चालतानाही दिसतो, त्यावरून हिशोब खोटा ठरवू नका. ठिसूळ कागद व्होल्टेज बऱ्यापैकी सहन करतो. तो फाटतो फीडरवर शॉर्ट सर्किट होऊन वाइंडिंग हादरतं तेव्हा. म्हणून मे महिन्यातल्या ओव्हरलोडचं बिल जुलैतल्या वादळात येतं आणि रिपोर्टात कारण म्हणून वीज पडल्याचं लिहिलं जातं.

आणि वाइंडिंगचा सगळा हिशोब जमला तरी बुशिंग, टॅप चेंजर, सीटी आणि ११ केव्हीच्या केबलची क्षमता वेगळी तपासा. सव्वापट करंट त्यांच्यातूनही जातो. तेल फुगतं, तेव्हा कॉन्झर्व्हेटरची पातळी सकाळीच बघून ठेवा. काठोकाठ भरलेला असेल तर दुपारी ब्रीदरमधून तेल बाहेर येईल.