थायलंडच्या व्हिसाबद्दल कुणी विचारलं तर तारखेसकट उत्तर कसं द्यावं

ऑक्टोबर २०२५ची गोष्ट. दिवाळी तोंडावर आली होती. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनींचा मेसेज आला, "भाऊजी, तुम्ही बँकॉकला जाऊन आलात ना? व्हिसा तिथे उतरल्यावरच मिळतो ना? आम्ही पाडवा झाला की निघतोय." मी रिक्षात होतो आणि रिक्षा तीन हात नाक्याच्या सिग्नलला अडकली होती. लगेच उत्तर टाकलं, "हो वहिनी, तिथेच मिळतो. माणशी दोन हजार बाथ रोख ठेवा, रांग मोठी असते."

यातला शब्द न् शब्द खरा होता, फक्त मे २०२३ मधला.

संध्याकाळी वहिनी जिन्यात भेटल्या त्या वैतागलेल्याच. त्यांनी आणखी दोघांना विचारलं होतं. त्यांचा भाऊ जानेवारी २०२४ मध्ये जाऊन आलेला. तो म्हणाला, व्हिसाबिसा काही नाही, पासपोर्ट दाखवायचा आणि तीस दिवस राहायचं. भाची जून २०२५ मध्ये गेली होती. ती म्हणाली, साठ दिवस मिळतात, पण आधी ऑनलाइन कार्ड भरावं लागतं. "आता तिघांपैकी खोटं कोण बोलतंय ते सांगा," वहिनी म्हणाल्या.

खोटं कुणीच बोलत नव्हतं. मी गेलो तेव्हा भारतीय पासपोर्टवर उतरल्यावर व्हिसा घ्यावा लागायचा. फी २,००० बाथ, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास पावणेपाच हजार रुपये, आणि मुक्काम १५ दिवसांचा. १० नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीयांना तीस दिवसांसाठी व्हिसातून सूट दिली. १५ जुलै २०२४ पासून त्या तीसचे साठ झाले. आणि १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड आलं. दीड वर्षात तीन बदल. प्रत्येकाने आपापल्या तारखेचं खरं सांगितलं आणि तारीख सांगायची तेवढी राहून गेली.

त्या रात्री मी वहिनींना नवं उत्तर लिहिलं. ते कसं लिहिलं तेच इथे सांगतो.

आधी तारीख शोधा, आठवू नका

"मागच्या वर्षी गेलो होतो बहुतेक" यावर भरवसा ठेवू नका. मला आमची सहल २०२४ची वाटत होती. पासपोर्ट काढून शिक्का बघितला तर मे २०२३. शिक्क्यावर आत आल्याची तारीख असते आणि कधीपर्यंत राहता येईल तीही असते, म्हणजे मुदतीचा पुरावाही तिथेच मिळतो. पासपोर्ट हाताशी नसेल तर तिकिटाचा ईमेल किंवा फोनमधले फोटो बघा.

व्हिसा निघण्याआधी काढावा लागत असेल तर एक तारीख पुरत नाही. अर्ज कधी केला, पैसे कधी भरले आणि प्रवास कधी झाला, हे वेगवेगळं असतं. युरोपच्या शेंगेन व्हिसाची फी ११ जून २०२४ला ८० युरोवरून ९० झाली. मे महिन्यात अर्ज करून जुलैत पॅरिसला गेलेला माणूस "जुलै २०२४, ८० युरो" असं सांगेल तर ऐकणारा फसेल. फीच्या शेजारी पैसे भरल्याची तारीख हवी, विमानात बसल्याची नको.

तुम्ही कोण होतात ते लिहा

नियम पासपोर्टला लागू होतो, माणसाला नाही. आम्ही चौघे होतो आणि चारही पासपोर्ट भारतीय. वहिनींचे दीर अमेरिकेहून थेट बँकॉकला येणार होते, अमेरिकन पासपोर्टवर. त्यांना माझा अनुभव मे २०२३ मध्येसुद्धा लागू पडला नसता. म्हणून पासपोर्ट कुठला, कुठल्या विमानतळावर उतरलात, थेट गेलात की मध्ये विमान बदललं, फिरायला की कामाला, एवढं एका वाक्यात सांगून टाका. विमान मध्ये बदललं असेल तर त्या मधल्या देशाचाही नियम लागू शकतो, आणि "मला काही लागलं नाही" हे वाक्य तिथेच दगा देतं.

"विचारलं नाही" म्हणजे "लागत नाही" नव्हे

माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. उतरल्यावर व्हिसा घेणाऱ्याकडे माणशी १०,००० बाथ किंवा कुटुंबाकडे २०,००० बाथ असायला हवेत, असा नियम होता. आम्हाला ते कुणी दाखवायला सांगितलं नाही. परत आल्यावर मी वर्षभर सगळ्यांना सांगत होतो, "रोख दाखवायची काही गरज नाही." हे मी कशाच्या जोरावर सांगत होतो? एका काउंटरवरच्या एका अधिकाऱ्याने एका पहाटे विचारलं नाही, एवढ्याच.

नियम तोच राहतो, अधिकारी विचारतो किंवा विचारत नाही. त्यामुळे उत्तरात तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: काय विचारलं, काय विचारलं नाही, आणि नियमात काय होतं. परतीचं तिकीट आमच्याकडे मागितलं होतं. हॉटेलचं बुकिंग मागितलं नव्हतं, पण छापून नेलं होतं. हे "छापून नेलं होतं" सांगायला विसरू नका, नाहीतर ऐकणारा रिकाम्या हाताने जातो.

ऐकीव माहितीचंही असंच. डिजिटल कार्ड मी कधी भरलेलं नाही. ते वहिनींच्या भाचीने भरलं होतं, म्हणून तिचंच नाव घेऊन सांगायचं. रांगेबद्दल सांगताना वार आणि वेळ सांगा. मेच्या सुट्टीतला शनिवार होता, पहाटे उतरलो आणि पाठोपाठ दोन विमानं आली, त्यामुळे सव्वा तास गेला. नुसतं "सव्वा तास लागतो" म्हटलं की तो जणू कायमचा दर होऊन बसतो.

काय बदललं असेल ते नेमकं सांगा

शेवटी "चूभूद्याघ्या" लिहून हात झटकू नका. "नियम बदलले असतील, बघून घ्या" हेही तसलंच. ऐकणाऱ्याने बघायचं काय आणि कुठे? फी, मुक्कामाचे दिवस, भरायचा फॉर्म आणि कागदपत्रं या गोष्टी पटकन शिळ्या होतात, त्या नाव घेऊन सांगा. विमानातून उतरल्यावर इमिग्रेशनपर्यंत बरंच चालावं लागतं, आजींसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, हा सल्ला मात्र बरीच वर्षं टिकतो. सगळ्यावर एकसारखा इशारा चिकटवला की टिकणारी माहितीही संशयास्पद होते.

आणि बघायची जागा म्हणजे त्या देशाचं अधिकृत पान. डिजिटल कार्डाच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचं, कारण कार्ड फुकट आहे आणि ते भरून देण्याचे पैसे घेणारी पानं शोधल्यावर समोर येतात. पैसे मागितले की पान चुकलं असं समजावं.

तर वहिनींना पाठवलेलं उत्तर असं होतं:

"वहिनी, सकाळचं माझं उत्तर मे २०२३चं होतं, ते धरू नका. तेव्हा आम्ही चौघे, भारतीय पासपोर्टवर, मुंबईहून थेट बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर फिरायला गेलो होतो. उतरल्यावर व्हिसा घ्यावा लागला: माणशी २,००० बाथ रोख, फोटो, फॉर्म, मुक्काम १५ दिवस. शनिवारी पहाटे रांगेत सव्वा तास गेला. परतीचं तिकीट बघितलं. हॉटेलचं बुकिंग आणि रोख रक्कम विचारली नाही, पण दोन्ही जवळ होतं, तुम्हीही ठेवा. त्यानंतर नियम बदललेत. तुमच्या भाचीचा अनुभव या जूनचा आहे, त्यामुळे माझ्यापेक्षा तिचं ऐका. तिने सांगितलेलं कार्ड tdac.immigration.go.th या पानावर पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरतात, पैसे लागत नाहीत. पासपोर्ट, विमानाचा नंबर आणि हॉटेलचा पत्ता हाताशी घेऊन बसा. किती दिवस राहता येतं ते मुंबईच्या थाई वाणिज्य दूतावासाच्या पानावर आज बघा आणि निघायच्या आधी पुन्हा बघा. दिरांच्या पासपोर्टचं मला माहीत नाही."

उत्तर लांब झालं, पण त्यामुळे वहिनींनी बाथ बदलून घेणं थांबवलं आणि कार्ड भरायची तारीख कॅलेंडरवर लिहिली. तिघांच्या उत्तरांत घातक कुठलं होतं, असं विचाराल तर माझ्यापेक्षा त्यांच्या भावाचं. माझं ऐकून जास्तीचे बाथ घेतले असते, भुर्दंड तेवढाच. "काही लागत नाही" ऐकून माणूस कार्ड न भरता विमानतळावर जातो आणि चेक-इनच्या रांगेत फोनवर फॉर्म शोधत बसतो.

परदेशच कशाला, घरातून निघायच्या सल्ल्यालाही तारीख लागते. "मुलुंडच्या टोलनाक्यासाठी सुटे पैसे काढून ठेव" असं मी बरीच वर्षं सांगायचो. कारचा तो टोल १५ ऑक्टोबर २०२४ पासून बंद झाला. इमिग्रेशनचा फॉर्म भरायला पेन ने, हा आमच्या काकांचा आवडता सल्ला. भारतीयांनी निघताना भरायचं कार्ड १ जुलै २०१७ला बंद झालं, काका अजून पेन देतात. आणि २५ डिसेंबर २०२५ला नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडायला लागल्यापासून "मुंबईचं फ्लाइट" एवढं सांगणंही पुरत नाही. खारघरच्या मेहुण्याला वाशी पुलाचा ट्रॅफिक समजावण्याआधी त्याच्या तिकिटावर BOM लिहिलंय की NMI ते विचारा.

एक राहिलं. तारीख पहिल्या ओळीत लिहा, शेवटच्या नको. माझं सकाळचं "दोन हजार बाथ" वहिनींनी तोवर त्यांच्या भिशीच्या ग्रुपवर पाठवलं होतं. पुढे पाठवताना माणसं शेवटच्या ओळी कापतात. दुरुस्त केलेलं उत्तर मी वहिनींना त्याच ग्रुपवर टाकायला सांगितलं आणि जुना मेसेज काढून टाकायलाही. त्यांनी तो काढला, पण भिशीतल्या दोघींनी तोवर तो आपापल्या माहेरी पाठवला होता.