असाइनमेंट लेटर शेवटच्या पानापासून वाचा

दरवर्षी उन्हाळ्यात पुण्याहून कुणीतरी नवं जोडपं स्टुटगार्टला येतं, ओळखीतून आमच्याकडे चहाला येतं आणि थोड्या वेळाने मोबाइलवर कंपनीचं असाइनमेंट लेटर उघडून विचारतं, "काका, भत्ता बरा आहे ना?" भत्त्याचं पान सगळे वाचतात, मीही तेवढंच वाचलं होतं. पण या पत्रातले पैशांचे खरे घोळ परत गेल्यावर, कधीकधी वर्षभराने, अंगावर येतात. त्यांची वाक्यं मागच्या पानांवर असतात.

आधी टॅक्स इक्वलायझेशन. कल्पना साधी आहे: तुम्ही पुण्यातच राहिला असतात तर जेवढा कर भरला असता, तेवढाच तुमच्या खिशातून जाईल, आणि प्रत्यक्ष कर, जर्मनीतला असो की भारतातला, कंपनी भरेल. त्यासाठी पगारातून दरमहा 'हायपो टॅक्स' कापला जातो. हा सरकारला जात नाही, कंपनीकडेच राहतो. म्हणून फॉर्म १६ मध्ये तो शोधत बसू नका.

आकड्यांत बघू. समजा, भारतातला पगार वर्षाला ४० लाख. २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ३९.२५ लाख उरतात. त्यावर स्लॅबप्रमाणे ७,५७,५०० रुपये आणि ४ टक्के सेस मिळून ७,८७,८०० रुपये कर होतो, म्हणजे महिन्याला ६५,६५०. हाच तुमचा हायपो टॅक्स. पत्रात तो जुन्या पद्धतीने काढलाय की नव्या, हे विचारा. जुन्या पद्धतीत घरकर्जाचं व्याज आणि ८०सी धरून तुमचा कर कमी येत असेल आणि कंपनीने सरसकट नवी पद्धत लावली असेल, तर तो फरक दर महिन्याला तुमच्याच खिशातून जातो. आणि हायपो टॅक्स फक्त मूळ पगार आणि बोनसवर लागावा. घरभाडं, महागाई भत्ता, मुलांची फी यांवर तो लावणार नाही, असं स्पष्ट वाक्य पत्रात हवं.

पहिली जर्मन पेस्लिप बघून बरेच जण घाबरतात, कारण वरचा आकडा अवाढव्य दिसतो. कंपनी भरत असलेलं भाडं आणि तुमच्या वतीने भरलेला करसुद्धा जर्मनीत तुमचं उत्पन्नच धरलं जातं, म्हणून तो फुगतो. घाबरू नका, पण हरखूनही जाऊ नका.

हरखून गेल्याचा किस्सा सांगतो. माझा एक सहकारी मार्चमध्ये आला, बायको ऑक्टोबरमध्ये. मधल्या महिन्यांत त्याचा कर एकट्या माणसाच्या हिशोबाने कापला गेला. पुढच्या वर्षी दोघांचं मिळून रिटर्न भरलं आणि बायकोला उत्पन्न नसल्यामुळे कर बराच कमी निघाला. फिनान्झआम्ट म्हणजे इथल्या करखात्याकडून सुमारे चार हजार युरो थेट त्याच्या खात्यात आले. त्याने जुनी गाडी घेतली. पुण्याला परतल्यावर सहा महिन्यांनी कंपनीकडून 'इक्वलायझेशन सेटलमेंट'चा कागद आला: चार हजार युरो परत करा. कंपनीचं म्हणणं बरोबरच होतं, कर तिने भरला होता, तर परतावाही तिचाच. सगळं पत्रात लिहिलेलं होतं, सातव्या पानावर. तेव्हा फिनान्झआम्टचे पैसे आले की ते वेगळे ठेवा आणि सेटलमेंट होईपर्यंत त्यांना हात लावू नका.

स्वतःच्या इतर उत्पन्नाचा प्रश्न वेगळा. जर्मनीत रहिवासी झालात की भारतातल्या एफडीचं व्याजही इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे ती सूट मिळत नाही. माणशी हजार युरोंची सवलत संपली की अशा व्याजावर २५ टक्के कर आणि त्यावर थोडा अधिभार बसतो. यावरचा जास्तीचा कर कंपनी भरणार की तुम्ही? बऱ्याच पत्रांत 'वैयक्तिक उत्पन्न वगळून' असे दोन-तीन शब्द असतात, आणि त्यांचा अर्थ 'तुम्ही' असाच असतो.

आता परतीचं पान. त्यावर 'योग्य पद उपलब्धतेनुसार' असं लिहिलेलं असतं. ते हमी म्हणून वाचू नका. त्यापेक्षा घरभाड्याचं कलम नीट बघा, कारण इथला भाडेकायदा तुमच्या कंपनीच्या वेळापत्रकावर चालत नाही. भाडेकरूची नोटीस तीन महिन्यांची आणि ती महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत घरमालकाच्या हाती पडावी लागते. समजा १० सप्टेंबरला कंपनीने सांगितलं, १ नोव्हेंबरला पुण्यात हजर व्हा. सप्टेंबरची तारीख उलटून गेलेली, म्हणून नोटीस ऑक्टोबरपासून धरली जाते आणि घर ३१ डिसेंबरला सुटतं. नोव्हेंबर-डिसेंबर तुम्ही कोथरूडमध्ये, भाडं मात्र इथे चालू. 'काल्ट' म्हणजे नुसतं भाडं १,५०० आणि पाणी-हीटिंगचे ३०० युरो धरले, तर दोन महिन्यांचे ३,६०० युरो. पत्रात फक्त 'असाइनमेंट संपेपर्यंत भाडं' असं असेल तर ते तुमच्या माथी. 'कायदेशीर नोटीसचा काळ संपेपर्यंत' असं लिहून घ्या. मी एचआरकडून एवढं एकच वाक्य बदलून घेतलं होतं, त्यांनी कुरकुर न करता बदललं.

पाणी-हीटिंगचा अंतिम हिशोब हिशोबाचं वर्ष संपल्यावर बारा महिन्यांपर्यंत येऊ शकतो, आणि डिपॉझिटचा काही भाग घरमालक तोवर अडवून ठेवू शकतो. तीन महिन्यांचं काल्ट भाडं म्हणजे आपल्या उदाहरणात ४,५०० युरोपर्यंत डिपॉझिट. ते कंपनीने दिलं असेल तर परत आल्यावर कुणाकडे जायचं, तुम्ही दिलं असेल तर फरकाचं बिल कुणी भरायचं, हे ठरलेलं असू द्या. अगदी नव्या लोकांसाठी आणखी एक: इथली भाड्याची घरं बऱ्याचदा स्वयंपाकघराच्या ओट्याशिवाय मिळतात. नुसता 'फर्निचर भत्ता' लिहिला असेल तर त्यात किचन धरलंय का, ते विचारून घ्या.

शेवटचं, परतीनंतरचा बोनस. जर्मनीत केलेल्या कामाचा बोनस पुण्यात हातात पडला तरी त्या दिवसांपुरता जर्मनीचा कर लागतो. त्यामुळे इक्वलायझेशन आणि करसल्लागाराची फी 'असाइनमेंट काळातल्या सर्व उत्पन्नाला, ते नंतर मिळालं तरी' लागू आहे, असं पत्रात हवं. मुदतीआधी राजीनामा दिलात तर काय, तेही बघा. बऱ्याचदा परतीचं तिकीट, सामानाची पाठवणी आणि हा करसल्लागार, तिन्ही एकदम बंद होतात आणि सामान आणण्याचा खर्च उलट मागितला जातो.

आणि निघायच्या आठवड्यात सगळे करतात ते एक काम करू नका: जर्मन बँक खातं बंद करू नका. शेवटचा टॅक्सचा निर्णय, डिपॉझिट आणि हीटिंगचा हिशोब, तिन्ही त्याच खात्यावर येणार आहेत.