मुलाच्या उच्च शिक्षणासाठी महिन्याला किती? हिशेबातल्या या चुका टाळा

नागपूरच्या मनीषनगरात राहणारं एक जोडपं धरू. मुलगा 3 वर्षांचा, म्हणजे कॉलेजला अजून 15 वर्षं. पुण्यातल्या खासगी इंजिनीअरिंग कॉलेजची फी, हॉस्टेल आणि मेस मिळून आज वर्षाला 3 लाख लागतात असं समजू. चार वर्षांचे 12 लाख. त्यांना 180 महिन्यांनी भागलं की 6,667 रुपये येतात. बहुतेक घरांत हिशेब इथेच संपतो, आणि फी काही तिथे थांबत नाही.

फी दरवर्षी 8 टक्क्यांनी वाढली, तर 15 वर्षांनी पहिल्याच वर्षाचे सुमारे 9.5 लाख होतात. त्याला सरळ चारने गुणणं ही पुढची चूक, कारण कॉलेज सुरू असतानाही फी वाढतच असते. चौथ्या वर्षी ती 12 लाखांच्या आसपास जाते आणि चारही वर्षांची बेरीज जवळपास 43 लाख होते. दिलासा एवढाच की सगळे पैसे पहिल्या दिवशी लागत नाहीत. उरलेली रक्कम तोवर सुरक्षित ठिकाणी 7 टक्क्यांनी वाढत असेल, तर प्रवेशाच्या वेळी 38.6 लाख हाताशी असले की पुरतात.

आता महिन्याची रक्कम. कर जाऊन 10 टक्के परतावा धरला, तर एक्सेल शीटमध्ये सूत्र असं टाका:

```
=PMT(1.10^(1/12)-1,180,0,-3860000,1)
```

उत्तर साधारण 9,600 रुपये येतं. इथे बरेच जण 10 टक्क्यांना थेट 12 ने भागतात. तसं केलं की वर्षाचा दर नकळत 10.47 टक्के धरला जातो आणि हप्ता पावणेचारशे रुपयांनी कमी दिसतो.

पण सगळ्यात महागात पडते ती चूक वेगळीच, आणि ती नेमकी हुशार माणसं करतात. त्यांचा विचार असा: परतावा 10, फीवाढ 8, म्हणजे खरा परतावा 2 टक्के, मग आजचे 12 लाखच लक्ष्य धरा आणि 2 टक्क्यांनी हिशेब करा. उत्तर येतं 5,700 रुपये. रक्कम झेपणारी दिसते, लगेच एसआयपी सुरू होते आणि पंधरा वर्षं तीच राहते. गणित फारसं चुकलेलं नाही. फक्त ते 5,700 आजच्या रुपयांतले आहेत, म्हणजे फीच्याच वेगाने हप्ताही दरवर्षी वाढवायचा असतो. तो वाढवला नाही तर काय होतं, ते असं तपासा:

```
=FV(1.10^(1/12)-1,180,-5700,0,1)
```

जमतात 22.9 लाख. लागणार होते 38.6. म्हणजे पावणेसोळा लाखांचा खड्डा, आणि तो कळतो प्रवेशाच्या तोंडावर.

कमी रकमेनेच सुरुवात करायची असेल तर 6,100 पासून करा आणि हप्ता दरवर्षी 8 टक्क्यांनी वाढवा. लक्ष्य गाठलं जातं, पण पंधराव्या वर्षी हाच हप्ता 17,900 च्या घरात असेल. पगार तेवढा वाढेल असा भरवसा नसेल, तर सुरुवातीपासून सरळ 9,600 भरलेले बरे, असं माझं मत.

फीवाढीचा दर मात्र कोणाच्या तरी तोंडून ऐकून धरू नका. दहा वर्षांत फी दुप्पट झाली म्हणजे वर्षाला 10 टक्के वाढ, असं पटकन बोललं जातं. प्रत्यक्षात ती 7.2 टक्के असते. राज्यातल्या खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करतं. तुमच्या मनातल्या दोन-तीन कॉलेजांचे मंजूर आकडे जितके मागचे मिळतील तितके काढा. हॉस्टेल-मेसची वाढ वेगळी धरा. मुलगा हिंगणा रोडच्या एखाद्या कॉलेजात घरून जाणार असेल, तर तो खर्च बराचसा गळतोच.

सरकारी संस्थेची आशा असली तरी फी हळूहळूच वाढेल असं समजू नका. एनआयटींची वार्षिक ट्यूशन फी 2016 मध्ये 70,000 वरून एकदम 1,25,000 झाली; आपली व्हीएनआयटीही त्यातच आली.

दरातला थोडा फरकही किती जड जातो ते बघा: वरच्याच उदाहरणात फीवाढ 8 ऐवजी 10 टक्के धरली, तर हप्ता 9,600 वरून 13,000 वर जातो. म्हणून दर दोन वर्षांनी नवी फी टाकून, जमलेली रक्कम वजा करून हप्ता पुन्हा काढा. वरच्या PMT च्या सूत्रात 180 च्या जागी उरलेले महिने आणि त्यापुढच्या शून्याच्या जागी जमलेली रक्कम उणे चिन्ह लावून टाका. लक्ष्याची रक्कम मात्र नवीन असते, आणि सूत्रात तीही उलट, म्हणजे अधिक चिन्हाने येईल. आलेलं उत्तर उणे दिसेल, तेवढाच तुमचा हप्ता.

शेवटची तीन वर्षं पैसा हळूहळू शेअर फंडातून काढून एफडीसारख्या ठिकाणी न्या. तेव्हा परतावा 10 टक्क्यांच्या खाली येणार, त्यामुळे हप्त्यात थोडी वाढ आतापासूनच धरून ठेवा.