व्हिडिओ पाहणाऱ्यांमागे ॲड लावताय? या चुका टाळा

फेसबुक-इन्स्टावर रिटार्गेटिंग करणारे, म्हणजे आपला व्हिडिओ पाहिलेल्यांना पुन्हा ॲड दाखवणारे नवे लोक एकच प्रश्न विचारतात, 'व्हिडिओ ९५ टक्के पाहिलेल्यांचा ऑडियन्स घेऊ की ७५ टक्के?' मी उलट विचारतो, व्हिडिओ किती सेकंदांचा आहे? यावर बहुतेक जण गप्प होतात.

गेल्या हंगामात हापूस विकणाऱ्या एका बागायतदाराचं काम माझ्याकडे आलं. आधीच्या माणसाने ८ सेकंदांच्या रीलवरून '९५ टक्के पाहिलेले' असा ऑडियन्स करून ठेवला होता. ८ सेकंदांचे ९५ टक्के म्हणजे साडेसात सेकंद. आंबा कापताना दिसला की बोट तेवढा वेळ थांबतंच, त्यात खरेदीचा विचार कुठे आला? शिवाय व्हिडिओ पुढे ढकलून शेवटाला पोहोचलेलाही या टक्क्यांत मोजला जातो. ऑडियन्स भलामोठा दिसत होता, मालक खूश होते आणि ऑर्डर मात्र नव्हत्या.

मी बागेतच ६० सेकंदांचा व्हिडिओ काढला. पेटीचा दर, किती डझन आणि किती दिवसांत घरी, हे सगळं चाळिसाव्या सेकंदाच्या आत सांगून टाकलं. मग ७५ टक्के, म्हणजे ४५ सेकंद पाहिलेले लोक घेतले. दर ऐकूनही थांबला तो गिऱ्हाईक, हा माझा साधा हिशेब. ऑडियन्स बराच लहान झाला, पण त्यातले लोक कामाचे होते.

व्हिडिओ पाहिलेला माणूस ऑडियन्समध्ये किती दिवस राहतो, ती मुदतही बघा. ३६५ दिवस ठेवता येतात म्हणून ठेवू नका. आंब्याला मी ३० दिवस ठेवतो. गेल्या मे महिन्यात व्हिडिओ पाहिलेल्याने पेटी केव्हाच खाऊन संपवली.

नवा व्हिडिओ टाकलात तर तो ऑडियन्समध्ये हाताने जोडावा लागतो. हे दर हंगामात कोणीतरी विसरतंच.

आणखी एक. ॲड सेटमध्ये Advantage+ audience चालू असेल, तर तुम्ही निवडलेला ऑडियन्स फक्त 'सूचना' ठरतो आणि ॲड बाहेरच्यांनाही जाते. मग निकाल कोणाचा मोजताय?

आता माझा खरा राग. त्याच बागायतदाराने एका रात्री स्क्रीनशॉट पाठवला. दहा दिवसांत रिटार्गेटिंगच्या ९,००० रुपयांत पुण्यातून ४१ ऑर्डर. खाली एक ओळ, 'दादा, बजेट दुप्पट करू का?'

मी म्हटलं, थांबा. ॲड्स मॅनेजरच्या कॉलममध्ये Compare attribution settings उघडून आकडे वेगळे केले. ४१ पैकी २७ ऑर्डर 1-day view मधल्या निघाल्या. म्हणजे ॲड समोरून सरकली, कोणी क्लिक केलं नाही, आणि चोवीस तासांत त्या माणसाने वेबसाइटवर पेटी घेतली. त्या दहा दिवसांची पुण्याची ऑर्डरवही पाहिली तर निम्मी दरवर्षीची गिऱ्हाइकं. ती ॲड नसती तरीही आली असती. आधीच्या खरेदीदारांना वगळलेलंच नव्हतं.

क्लिकच्या १४ ऑर्डर तरी ॲडच्या म्हणाव्यात का? तेही मी लगेच मानत नाही, कारण पाऊण व्हिडिओ पाहिलेला माणूस आधीच अर्धा तयार असतो. म्हणून ते दहा दिवस मी मुद्दाम रिटार्गेटिंग पुण्यात चालू आणि नाशिक-संभाजीनगरला बंद ठेवलं होतं. बाकीच्या ॲड दोन्हीकडे सारख्याच होत्या.

मोजणी फक्त मालकाच्या ऑर्डरवहीतून केली. आधीच्या दहा दिवसांत पुणे ६० आणि नाशिक-संभाजीनगर मिळून ३०. नंतरच्या दहा दिवसांत पुणे ६६, तिकडे ३१. तिकडच्या वाढीच्या प्रमाणात पुणे ६२ वर गेलंच असतं. म्हणजे ॲडच्या पदरात जेमतेम चार पेट्या. एका पेटीला सुटतात ४०० रुपये, चार पेट्यांचे झाले १,६०० आणि खर्च ९,०००! इतक्या लहान आकड्यांत चार म्हणजे योगायोगही असू शकतो, हे मी मालकांना तेव्हाच सांगितलं. पण ४१ नव्हते, एवढं नक्की. ४१ खरे असते तर पुण्याचा आकडा शंभराच्या पुढे दिसला असता.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, डॅशबोर्डवर सगळं दिसतंच की. दिसतं ना, पण ॲड ज्याची, डॅशबोर्डही त्याचाच. दोन दिवसांत निकाल मागणाऱ्यांना तर मी हात जोडतो. क्लिकनंतरची ऑर्डर ॲडच्या खात्यात धरायची खिडकीच सहसा सात दिवसांची असते, आज क्लिक केलेल्याची रविवारची ऑर्डर तुम्ही गुरुवारीच कशी मोजणार?

पुढच्या फेरीत गेल्या १८० दिवसांचे खरेदीदार वगळले, जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर वहीतून यादी करून चढवले आणि तेही वगळले. ॲड्स मॅनेजरमधल्या ऑर्डर ४१ वरून ११ वर आल्या. मालकांचा फोन आला, 'तुम्ही काय बिघडवलंत?' वहीतल्या पुण्याच्या ऑर्डर त्या दहा दिवसांत ६४ होत्या.