‘बरा’च्या पुढचं वाक्य

“आजचा दिवस कसा गेला?” “बरा.” “पेपर?” “ठीक.” चौदा वर्षांच्या मुलाशी माझं बोलणं इथेच संपायचं. खरं तर अशा प्रश्नाला दुसरं उत्तर देणंही अवघडच. अख्ख्या दिवसाचा गोषवारा मागितला की कुणीही ‘बरा’ म्हणून सुटका करून घेईल.

मग मी विचारण्याऐवजी नुसतं सांगायला लागले. तेही समोरासमोर बसून नाही, तर कपड्यांच्या घड्या घालताना किंवा गाडीत, जिथे दोघांची नजर दुसरीकडे असते. एकदा त्याच्या गटाचा प्रकल्प चालू होता. मी म्हटलं, “सगळी चित्रं तुझ्याच वहीत दिसतायत. बाकीचे बहुतेक लेखन करत असतील.” आणि गप्प बसले. ही शांतता फार लांबते, जीभ चावून बसावं लागतं. थोड्या वेळाने तो उसळून म्हणाला, “लेखन कसलं, आई! दोघं तर येतच नाहीत.” चुकीचा अंदाज दुरुस्त करायचा मोह मुलांना आवरत नाही.

त्यावर “मग बाईंना सांग ना” म्हटलं असतं तर गाडी पुन्हा ‘हं’वर आली असती. मी फक्त “येतच नाहीत?” एवढंच म्हटलं. पुढचं सगळं त्यानेच सांगितलं.

दमून आल्या आल्या मात्र यातलं काहीच चालत नाही; आधी खाणं. आणि मूल मित्रांशीही बोलेनासं झालं, झोप-भूक बिघडली, तर युक्त्या सोडून समुपदेशकाला गाठावं.